नव्वद रुपयांचा महागडा फोन

मे महिन्याच्या शेवटी मामांनी बोटांवर हिशेब केला तेव्हा खात्यात दोन लाख पासष्ट हजार असायला हवे होते. पासबुकात होते साडेचौऱ्याण्णव. उधारी, येणी-देणी सगळी जमेस धरूनही आकडा त्याच्या पुढे सरकेना. म्हणजे चार महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास रक्कम कुठेतरी गेली होती, आणि मामांच्या मते ती कुठे गेली हे उघड होतं: सुपरवायझर माल खाली करतो, डबे मोजतो, दुकानदाराशी त्याचंच बोलणं असतं. दुसरं कोण?

मामांचा धंदा कोल्हापुरात गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करण्याचा. फेब्रुवारी ते मे हा त्यांचा हंगाम. गच्ची धुऊन कोरडी करायची, भेगा कापून भरायच्या, पॅरापेटच्या कडेला वाटा मारायचा, प्रायमर, मग कोटिंगचे दोन-तीन हात, आणि शेवटी पाणी साठवून दोन दिवस बघायचं. साधारण आठशे चौरस फुटांच्या गच्चीचं बिल अठ्ठेचाळीस हजार, जीएसटी वेगळा. दोन टोळ्या, एका गच्चीला सहाएक दिवस. या हंगामात अठ्ठावीस कामं झाली होती, आणि मामांच्या डोक्यातला आकडा पक्का होता: एका कामामागे वीस हजार सुटतात.

सुपरवायझरला काढायचं हे जवळपास ठरलंच होतं. पण तो पंधरा वर्षांपासूनचा माणूस. त्याला तोंडावर चोर म्हणायच्या आधी कागद कुणीतरी बघावेत असं मामींचं म्हणणं पडलं. म्हणून भाचीला बोलावलं. ही शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत कॉस्टिंगला आहे. कास्टिंगच्या एका नगामागे किती वाळू आणि किती वीज जाते हे काढण्यात तिचा दिवस जातो, त्यामुळे कुणी ‘वीस हजार सुटतात’ म्हटलं की तिचा पहिला प्रश्न असतो, कशातून काय वजा करून?

डब्यांपासून तिने सुरुवात केली. आठशे फुटाला किती लिटर कोटिंग लागतं ते कंपनीच्या डब्यावर छापलेलं असतं. खडबडीत स्लॅबला थोडं जास्त धरायचं. अठ्ठावीस गच्च्यांचं क्षेत्रफळ, दुकानदाराची बिलं आणि गोडाऊनमध्ये उरलेले डबे तिने समोरासमोर मांडले. फरक निघाला तीन डब्यांचा, आणि ते तिन्ही अर्धवट वापरलेले डबे पत्र्याच्या मागे पालथे पडलेले सापडले. सुपरवायझर सुटला. पैसे मात्र सापडले नाहीत.

मग तिने मामांचा वीस हजारांचा आकडाच फोडायला घेतला. अठ्ठेचाळीस हजारांतून माल एकोणीस, मजुरी नऊ, उरले वीस. मामांची वजाबाकी बरोबर होती, फक्त ती काम संपायच्या आधीच थांबत होती. माल टेम्पोने जातो, खरवडलेला राडारोडा टेम्पोने परत येतो, आणि एप्रिल-मेमध्ये गच्ची धुवायला व पाणी साठवून बघायला टँकर मागवावा लागतो. हे सगळं मिळून कामामागे दीड हजार. गेल्या पावसात गळलेल्या तीन गच्च्या या मार्चमध्ये फुकट परत करून द्याव्या लागल्या होत्या. हमी दिली होती, करणं भाग होतं. त्याला अठ्ठावीस हजार गेले, म्हणजे कामामागे हजार. यंदाच्या कामांतल्याही दोन-तीन पुढच्या पावसात बोलावणारच, तेव्हा हा हजार यंदाच्या कामांवर चढवणंच योग्य.

आणि तिसरी गळती. ही मला सगळ्यात कोल्हापुरी वाटते. काम संपलं, पाणी साठवून दाखवलं, चहा झाला, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, “मामा, दोन हजार सोडा की आता. शेजाऱ्याचं काम पण तुम्हालाच देतो.” मामा सोडतात. कुणाला हजार, कुणाला दोन. ही कसर मामांच्या वहीत कुठेच नव्हती. ते बिलाचा आकडा लिहीत, हातात आलेला नाही. बँकेचे जमा आकडे बिलांशी जुळवल्यावर सरासरी निघाली दीड हजार.

वीसचे सोळा झाले. अठ्ठावीस कामांवर चार-चार हजार, म्हणजे एक लाख बारा हजारांचा पत्ता लागला. उरलेल्या साडेअठ्ठावन्न हजारांचा अजून नव्हता.

इथवर आल्यावर कुणीही हिशेबनीस थोडा सैलावतो. बहुतेक गोष्ट उलगडलेली असते, उरलेलं ‘किरकोळ’ म्हणून सोडून देता येतं. भाची सोडेना, कारण मामा त्याच आठवड्यात एक निर्णय घेणार होते आणि तो त्यांनी तिला सहज जाता जाता सांगितला होता. त्यांना काम दोन ठिकाणांहून मिळत होतं. एक, सेवा देणाऱ्यांची यादी चालवणारं एक पोर्टल. त्याच्याकडून एक फोन नव्वद रुपयांना पडे. दुसरी, गूगलवर कुणी ‘गच्ची गळते’ किंवा ‘टेरेस वॉटरप्रूफिंग कोल्हापूर’ असं शोधलं की वर दिसणारी जाहिरात. तिचा एक फोन पडे चारशे वीसला. याशिवाय जुन्या गिऱ्हाइकांच्या ओळखीतून आलेली आठ कामं, ती फुकटच. मामांना चारशे वीस हा आकडा टोचत होता.

“एका फोनाला चारशे वीस? त्यात नव्वदवाले साडेचार येतात. पुढच्या वर्षी गूगल बंद, सगळा पैसा तिकडं.”

“मामा, एका फोनाला जास्तीत जास्त किती द्यायला परवडतं तुम्हाला?”

“परवडायला काय, चारात एक काम मिळतं मला. वीस हजारांचा चौथा हिस्सा पाच हजार. पाच हजारांपर्यंत परवडतं की! पण म्हणून चारशे वीस कशाला द्यायचे?”

तिने वही उघडून ठेवली ती इथे. कारण मामांच्या या उत्तरात पद्धत अगदी बरोबर होती. एका कामाचा नफा घ्यायचा, किती फोनांमागे एक काम होतं त्याने भागायचं, येतो तो आकडा म्हणजे फोनाच्या किमतीचं छत. त्याच्या वर दिलं की घरचे घालायचे. पद्धत बरोबर असूनही उत्तर पाच हजार येत असेल, तर आत घातलेले दोन्ही आकडे तपासायला हवेत. वीसचे सोळा झालेच होते. आता ‘चारात एक’.

मामांच्या डायरीत प्रत्येक फोनाची एक ओळ असे: तारीख, नाव, भाग, कुठून आला, आणि पुढे काय झालं याच्या खुणा. पाहणीला गेलं की बरोबरची खूण, कोटेशन दिलं की ‘को’, काम मिळालं की गोल. भाचीने एक रविवार बसून ओळी मोजल्या. ओळखीची सोडून विकत घेतलेले फोन दोनशे साठ. त्यातल्या एकशे तीस ठिकाणी पाहणी झाली. ऐंशी जणांना कोटेशन गेलं. गोल होते वीस.

ऐंशीला वीस, म्हणजे चारात एक. मामा खोटं बोलत नव्हते. फक्त ते मोजायला सुरुवात करत होते कोटेशनपासून, आणि पैसे देत होते फोनापासून. ज्यांनी फोन उचललाच नाही, ज्यांना फक्त ‘फुटाला रेट काय’ विचारायचं होतं, ज्यांची गच्ची सोसायटीची निघाली आणि सेक्रेटरीचा पत्ता नव्हता, असे एकशे ऐंशी लोक मामांच्या ‘चारात’ कधी आलेच नाहीत. फोनापासून मोजलं तर दोनशे साठला वीस. तेरात एक.

हा घोळ मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की तो मामांचा म्हणवत नाही. पेस्ट कंट्रोलवाले, पॅकर्स-मूव्हर्स, सोलर बसवणारे, सगळे आपलं यश ‘बोलणं झालं’ तिथून मोजतात, कारण आठवतात ती बोलणं झालेलीच माणसं. पण जाहिरातीचं बिल न उचललेल्या फोनाचंही येतं. ज्या गोष्टीची किंमत ठरवायची, तिच्यापासूनच मोजायला हवं. लीडची किंमत ठरवायची असेल तर लीडपासून.

आता तिने सोळा हजारांना तेराने भागायला हवं होतं. ते तिने केलं नाही. दोनशे साठ ओळींच्या कडेला ‘पो’ आणि ‘गू’ लिहिलेलं होतं, आणि ओळी मोजताना तिच्या डोळ्यांना एक गोष्ट खटकत होती: गोल सगळीकडे सारखे पसरलेले नव्हते. तिने दोन ढीग केले.

पोर्टलचे दोनशे फोन, नव्वद पाहण्या, आठ कामं. गूगलचे साठ फोन, चाळीस पाहण्या, बारा कामं. म्हणजे एकीकडे शंभरात चार, दुसरीकडे शंभरात वीस. ‘तेरात एक’ हा आकडा दोघांपैकी कुणाचाच नव्हता. दोन वेगळ्या माणसांच्या उंचीची सरासरी काढून शर्ट शिवावा तसा तो होता.

याचं कारण मामांच्या पोरालाही माहीत होतं, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं. हा पोरगा पाहणीला जायचा. फेरीला तीनशे रुपये आणि पेट्रोल, सरासरी साडेचारशे. तो म्हणाला, “ताई, पोर्टलवाला एकच नंबर चार-पाच जणांना विकतो. मी पोचतो तोवर दोघं मोजून गेलेले असतात. एकदा इचलकरंजीला तिघं एकाच वेळी गच्चीवर होतो, मालक म्हणाला, आता आपापसात ठरवा कोण स्वस्त.” गूगलवरून येणारा माणूस मात्र स्वतः शोधून आलेला असे, बहुतेक वेळा छताला ओल दिसल्यावर, आणि त्याने बऱ्याचदा मामांनाच पहिला फोन केलेला असे.

फेरीला साडेचारशे. भाचीने पेन खाली ठेवलं. एकशे तीस फेऱ्या गुणिले साडेचारशे म्हणजे अठ्ठावन्न हजार पाचशे.

उरलेले पैसे सापडले होते, रुपयापर्यंत. ते पोराच्या हातात रोख दिले जात, रोज थोडे थोडे, आणि मामांच्या लेखी तो जाहिरातीचाही खर्च नव्हता आणि कामाचाही. कामाचा खर्च कामाच्या पानावर जाई, जाहिरातीचा बँकेतून कापला जाई, आणि फेरीचा खिशातून जाऊन खिशातच विसरला जाई. शिवाय तो मिळालेल्या वीस कामांवर नव्हे, न मिळालेल्या एकशे दहा पाहण्यांवर मुख्यतः झाला होता.

मामींनी सुपरवायझरसाठी त्या दिवशी जेवण जास्त केलं, एवढं मला कळलं.

पण प्रश्न आता वेगळाच झाला होता. पैसे कुठे गेले ते कळलं. पुढच्या वर्षी कोणत्या फोनाला किती द्यायचे ते ठरायचं होतं. सोळा हजारांतून आणखी काय काय भागवायचं ते तिने मामांना विचारलं. सुपरवायझरचा पगार बावीस हजार, गोडाऊनचं भाडं आठ, स्कूटरचा हप्ता, फोन आणि अकाउंटंट मिळून पाच, घरखर्चाला अठ्ठावीस. महिन्याला त्रेसष्ट हजार, चार महिन्यांचे दोन लाख बावन्न हजार. अठ्ठावीस कामांवर वाटले तर नऊ हजार एका कामाला. सोळातले नऊ गेले, सात उरले. त्यातले तीन हजार आयकर आणि प्रेशर वॉशर बदलण्यासाठी बाजूला ठेवायचे असं मामांनीच सांगितलं. राहिले चार हजार. एक काम मिळवण्यासाठी, फोन आणि फेऱ्या सगळं धरून, मामा खर्च करू शकत होते ते चार हजार.

मग तिने फाउंड्रीतल्या सवयीने एक्सेलची एक ओळ लिहिली. पहिल्या खान्यात फोन, दुसऱ्यात मिळालेली कामं, तिसऱ्यात पाहण्या:

```
=B2/A2*4000-C2*450/A2
```

म्हणजे शंभरात जितकी कामं होतात त्या प्रमाणात चार हजारांचा हिस्सा प्रत्येक फोनाच्या वाट्याला, आणि त्यातून प्रत्येक फोनामागे पडणारा फेरीचा खर्च वजा. गूगलचं आलं आठशे वजा तीनशे, पाचशे रुपये. चारशे वीस त्याच्या आत बसत होते. पोर्टलचं आलं एकशे साठ वजा दोनशे दोन.

उत्तर ऋण होतं, उणे बेचाळीसच्या आसपास. नव्वद रुपये महाग की स्वस्त हा प्रश्नच राहिला नव्हता. पोर्टलने फोन फुकट दिले असते, तरीही त्या माणसांच्या गच्च्या बघत फिरण्यात मामांचा खिसा हलका होत होता. आणि मामा पुढच्या वर्षी सगळा पैसा तिकडेच लावणार होते.

इथे गोष्ट संपली असती तर ती भाचीच्या विजयाची झाली असती. पण मामा तीस वर्षं धंद्यात आहेत. त्यांनी एक्सेलकडे बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “आठ कामं दिली ना पोर्टलनं? आठ सोळे एकशे अठ्ठावीस हजार. फोनांचे अठरा हजार आणि तुझ्या फेऱ्यांचे साडेचाळीस, साडेअठ्ठावन्न गेले. मला साडेएकोणसत्तर राहिले. ही कामं नसती तर गोडाऊनवाल्यानं भाडं माफ केलं असतं काय?”

आणि मामा बरोबर होते. भाडं, पगार, घरखर्च हे आठ कामं आली काय आणि न आली काय, जायचेच होते. ते नऊ हजार प्रत्येक कामावर चढवल्यामुळे पोर्टलचं काम तोट्यात दिसत होतं. पण ते काम सोडलं असतं तर नऊ हजार वाचले नसते, सोळा हजार मात्र गेले असते. त्या हिशेबाने पोर्टलचं छत निघतं सोळा हजारांचे शंभरात चार, सहाशे चाळीस, वजा फेऱ्यांचे दोनशे दोन: जवळजवळ चारशे चाळीस. नव्वद रुपये त्यापुढे काहीच नाहीत.

एकाच डायरीतून, एकाच पोर्टलबद्दल, दोन उत्तरं: फुकटही नको, आणि चारशे चाळीसपर्यंत घ्या. माझ्या मते ‘लीडला जास्तीत जास्त किती’ या प्रश्नात लोक खरे अडकतात ते इथे. बहुतेकजण त्यातलं सोयीचं उत्तर उचलतात. जाहिरात विकणारा नेहमी दुसरं उत्तर सांगतो, कारण त्याला भाडं भरायचं नसतं.

भाचीला याचं उत्तर डायरीत सापडलं नाही. ते गोडाऊनच्या दारामागे टांगलेल्या कालनिर्णयवर होतं. कुठली टोळी कुठल्या दिवशी कुठल्या गच्चीवर, हे सुपरवायझर त्यावर निळ्या-लाल पेनने लिहीत असे. फेब्रुवारीचं पान अर्धं मोकळं होतं. मार्चमध्येही फटी होत्या. गुढीपाडव्यानंतर मात्र एकेका चौकोनात दोन-दोन नावं कोंबलेली, आणि मेमध्ये रविवारही भरलेले. पोर्टलची आठ कामं तिने त्या पानांवर शोधली. तीन फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली होती, पाच एप्रिल-मेमध्ये.

मग ती परत डायरीकडे गेली आणि गूगलच्या न झालेल्या अठ्ठेचाळीस ओळी एकेक करून वाचल्या. या वेळी खुणांकडे न बघता शेरे वाचले. पाच ठिकाणी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत होती. ‘पाऊस पडायच्या आत हवं, तारीख नाही.’ ‘१५ मे मागतात, आपल्याला २ जून.’ ‘दुसऱ्यानं लगेच चालू केलं.’ सगळ्या एप्रिल-मेच्या. कोटेशन मान्य झालेलं, भाव ठरलेला, आणि टोळी मोकळी नाही म्हणून काम गेलेलं. त्या तारखांना टोळ्या कुठे होत्या? कालनिर्णयवर नावं होती. पाचपैकी चार वेळा एक तरी टोळी पोर्टलच्या गच्चीवर होती.

मामांचा मुद्दा आणि तिचा मुद्दा दोन्ही खरे होते, पण वेगवेगळ्या पानांवर. फेब्रुवारीत टोळी बसून असते. तेव्हा आलेलं कुठलंही काम, ज्यातून माल-मजुरी जाऊन काही उरतं, ते भाड्याला हातभार लावतं, आणि तेव्हा मामांचं चारशे चाळीसचं छत खरं. मेमध्ये टोळीचा प्रत्येक दिवस विकला जाणारच असतो. तेव्हा पोर्टलचं काम रिकामी जागा भरत नाही, दुसऱ्या कामाची जागा घेतं. त्या महिन्यात त्याला नऊ हजारांतून सूट नाही. उलट, त्याच्यामुळे गेलेल्या कामाचा भारही त्याच्याच डोक्यावर.

यातून आणखी एक गोष्ट निघाली, जी दोघांनाही अपेक्षित नव्हती. तारीख न मिळाल्याने गेलेल्या त्या पाच गिऱ्हाइकांपैकी तीनच जरी राहिली असती, तरी गूगलची कामं बाराची पंधरा झाली असती. साठात पंधरा, म्हणजे शंभरात पंचवीस. चार हजारांचा चौथा हिस्सा हजार, वजा फेऱ्यांचे तीनशे: सातशे. म्हणजे पोर्टल फक्त स्वतः तोट्यात नव्हतं, गूगलच्या फोनाचं छतही ते पाचशेवर दाबून ठेवत होतं. मामा ज्या फोनाला महाग म्हणून बंद करायला निघाले होते, त्याला हंगामात सातशे द्यायची त्यांची ऐपत होती.

भाचीने लगेच सातशे हा आकडा भिंतीवर लिहिला नाही, आणि मला वाटतं फाउंड्रीतली शिस्त इथे कामाला आली. साठ फोन म्हणजे फार नव्हेत. बाराऐवजी नऊ कामं झाली असती, नशिबाने तीन गिऱ्हाइकं इकडची तिकडे झाली असती, तर शंभरात पंधरा पडून छत तीनशेवर आलं असतं आणि चारशे वीसही जास्त ठरले असते. पोर्टलचं तसं नव्हतं. तिथे आठाऐवजी दहा कामं धरली तरी उत्तर शून्याच्या खालीच राहत होतं. म्हणजे एका बाजूचा निकाल पक्का, दुसऱ्या बाजूचा अजून हलता. शिवाय मेच्या शेवटच्या आठवड्यातले फोन अजून पिकलेले नव्हते. पावसाळ्यात ओल्या स्लॅबवर कोटिंग करता येत नाही, त्यामुळे त्या वेळी फोन करणारा माणूस काम देतो ते दिवाळीच्या सुमाराला. जूनच्या कामांना जूनच्या फोनांनी भागलं तर उत्तर दरवेळी चुकणार. तिने डायरीत एक खाना वाढवला: काम मिळालं तर कधी मिळालं. हिशेबात मात्र गोल काम मिळालेल्या महिन्यात नव्हे, फोनाच्या महिन्यात धरायचा.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मामांनी दोन्ही चालू ठेवलं. पोर्टलच्या फोनांना मात्र एक चाळणी लावली: पाहणीआधी गच्चीचे फोटो मागवायचे, फुटाचा अंदाजे भाव फोनवरच सांगायचा, आणि कोल्हापूर शहराबाहेर फेरी नाही. निम्म्या फेऱ्या कमी झाल्या. त्या फेऱ्यांबरोबर जी कामं गेली ती बहुतेक न होणारीच होती. गुढीपाडव्याला पोर्टल बंद केलं.

गूगलवर मात्र मामांचा हात मोकळा सुटला. छत सातशे, आपण देतोय चारशे वीस, म्हणजे अजून दोनशे ऐंशी वर जायला जागा, असं त्यांचं गणित. त्यांनी रोजचं बजेट वाढवलं. आधीच्या साठऐवजी पंचाहत्तर फोन आले आणि सरासरी चढली फक्त चारशे ऐंशीवर. मामा खूष. कामंही वाढली होती, या वेळी तारखा देता येत होत्या.

“सातशेच्या खाली आहे की नाही? अजून वाढवतो.”

भाचीने मोबाइलवरच गुणाकार केला. साठ फोनांचे चारशे वीसने पंचवीस हजार दोनशे. पंचाहत्तरचे चारशे ऐंशीने छत्तीस हजार. “मामा, आधीचे साठ त्याच भावात आले असते. वाढवलेत दहा हजार आठशे, आणि त्यात मिळाले पंधरा. हे पंधरा फोन सातशे वीसला पडलेत.”

जाहिरातीच्या लिलावात असंच होतं. स्वस्त आणि सोपे शोध आधी मिळतात. जास्त पैसे ओतले की तीच माणसं परत येत नाहीत, तर अंमळ दूरची, थोडी कमी गरजेची, जास्त बोली लावून मिळणारी येतात, आणि त्यांचा भाव जुन्या स्वस्त फोनांच्या सरासरीत लपून बसतो. छताशी तुलना करायची ती सरासरीची नव्हे, शेवटी वाढवलेल्या फोनांची.

मामांनी थोडा वेळ कॅलेंडरकडे बघितलं. मेचे अजून चार चौकोन मोकळे होते, एका टोळीचे.

“चार दिवस रिकामे आहेत अजून,” ते म्हणाले. “हे भरेपर्यंत सातशे वीस चालतील. सोमवारी परत खाली आणतो.”

भाचीने चौकोन मोजले आणि मान हलवली.